गाळणीबाईंचे दोन रकाने

ऑफिसात त्यांना सगळे गाळणीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्याही कधी रागावल्या नाहीत. ‘गाळणी आहे म्हणून चहा मिळतोय, नाहीतर चोथा चघळत बसला असतात,’ एवढं बोलून त्या पुन्हा कानाला हेडफोन लावत आणि समोरच्या पडद्यात डोकं घालत. नाव पडलं होतं ते त्यांच्या कामावरून, आणि खरं सांगायचं तर असं चपखल नाव त्या इमारतीत दुसऱ्या कुणालाच मिळालेलं नव्हतं.

इमारत अपघात चौकशी मंडळाची. बस उलटली, लिफ्ट कोसळली, पूल खचला की खालच्या मजल्यावरच्या सभागृहात सुनावणी व्हायची. तीन सदस्य, मधे अध्यक्ष, समोर साक्षीदार, बाजूला वकील, मागे ज्यांचं माणूस गेलं ते. या सगळ्याचं चित्रीकरण व्हायचं आणि तो व्हिडिओ मंडळाच्या संकेतस्थळावर चढायचा. पण पाच-पाच तासांचा व्हिडिओ बघायला वेळ कुणाला आहे? वर्तमानपत्रवाल्यांना नाही, वकिलांना नाही, ज्यांचं माणूस गेलं त्यांना तर धीरच नाही. म्हणून व्हिडिओसोबत दोन-तीन पानांचा सारांश जायचा, आणि तो गाळणीबाई लिहायच्या.

सारांशाचे रकाने दोन. डावीकडे ‘काय म्हटले गेले’ आणि उजवीकडे ‘काय ठरले’. वर बारीक अक्षरात छापलेलं, की हा सारांश म्हणजे मंडळाचा आदेश नव्हे. बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? बसून बघा म्हणजे कळेल. माणसं सभागृहात तासन्‌तास बोलतात, रागावतात, शपथा घेतात, आश्वासनं देतात, सदस्य मधेच ‘हे गंभीर आहे हं’ म्हणतात, वकील ‘म्हणजे सिद्धच झालं’ म्हणून टेबलावर हात आपटतात. हे सगळं डावीकडे. उजवीकडे जातं ते फक्त शेवटी अध्यक्ष आदेश म्हणून वाचून दाखवतात ते, आणि तेही सही झालेल्या आदेशाशी शब्दाला शब्द ताडून. कितीतरी वेळा डावीकडे तीन पानं भरायची आणि उजवीकडे एकच ओळ यायची, ‘निर्णय राखून ठेवला.’

बाईंचे नियम कडक. व्हिडिओ पहिल्यांदा पाहायचा तो हात मांडीवर ठेवून, एक अक्षरही न लिहिता. दुसऱ्यांदा लिहायचं, वेळेचा आकडा टाकत. तिसऱ्यांदा फक्त शेवट. साक्षीदार ‘म्हणाला’ किंवा ‘त्याने सांगितले’, एवढंच. ‘कबूल केले’ नाही, ‘दावा केला’ नाही. कबूल केलं म्हटलं की तो गुन्हेगार ठरतो आणि दावा केला म्हटलं की खोटारडा. कुणी रडलं तर ‘कामकाज काही काळ थांबले’ असं लिहायचं. आवाज नीट आला नाही तर ‘ऐकू आले नाही’, अंदाज करायचा नाही. आणि कुणी नुसतीच मान हलवली, तर मान कशी हलली ते लिहायचं आणि पुढे ‘शब्दांत उत्तर दिले नाही’. तिचा अर्थ लावायचा नाही. अर्थ लावायला मंडळ बसलंय, आपण नाही.

या शिस्तीची घरी फार थट्टा व्हायची. बाईंचे यजमान कापडाच्या दुकानात विक्रीला होते आणि गिऱ्हाईकाशी बोलून बोलून त्यांची जीभ एवढी चालायला लागली होती की घरीही थांबत नसे. बाई दमून घरी आल्या की दारातच विचारायचे, ‘काय हो कोर्टबाई, आज काय ठरलं?’ बाई म्हणायच्या, ‘काही नाही ठरलं.’ ‘मग दिवसभर केलंत काय?’ ‘ऐकलं.’ मग ते हसायचे. बाईंनी ‘रविवारी बघू’ म्हटलं की ते बोट उचलून म्हणायचे, ‘हे डावीकडे घाल गं, उजवीकडे नको!’

आता ते बोलत नव्हते. मेंदूत रक्त साकळलं, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. उत्तर मात्र मानेनेच. वर-खाली म्हणजे हो, डावीकडे-उजवीकडे म्हणजे नाही. एवढा बोलका माणूस दोन हालचालींवर आला होता. शेजारीण दिवसा त्यांच्याजवळ बसायची म्हणून बाईंना नोकरी करता येत होती.

त्या वर्षी ते पलंगावरून पडले आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. बाई रजेवर गेल्या, आणि नेमकी तेव्हाच ती उतारावरच्या बसची सुनावणी झाली.

ते प्रकरण गावभर गाजलं होतं. टेकडीवरून उतरणारी बस, भरलेली. खालच्या वळणावर ती थांबली नाही, भिंतीवर आदळली. प्रवासी जखमी झाले, दोघं दगावले, आणि चालक जागच्या जागी गेला. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, त्यामुळे लोकांनी उत्तर स्वतःच ठरवून टाकलं होतं: झोपला असणार. चालकाची बायको कपडे शिवायची. तिच्या मुलीला शाळेत एकीने विचारलं, ‘तुझे बाबा गाडी चालवताना झोपले ना गं?’ तेव्हापासून मुलगी डबा न खाताच परत आणायची.

बाई रजेवर म्हणून सारांशाचं काम प्रसिद्धी विभागातून नुकत्याच बदलून आलेल्या एका सहकाऱ्याकडे गेलं. माणूस वाईट नव्हे, चांगला हसतमुख, सगळे त्याला बातमीवाले म्हणायचे. पण त्याची सगळी उमर मथळे काढण्यात गेली होती. पाच तासांच्या व्हिडिओत त्याने मथळा शोधला आणि तो त्याला सापडलाही. सुनावणीच्या मध्यावर अध्यक्ष चालकाच्या बायकोकडे वळून काहीतरी बोलले होते. ते वाक्य त्याने उचललं आणि सरळ उजव्या रकान्यात पहिल्या ओळीत ठेवून दिलं: ‘चालकाची चूक नाही.’

सारांश संकेतस्थळावर चढला. चालकाच्या बायकोने त्याची प्रत काढून घेतली आणि शाळेत नेली. मुख्याध्यापिका भली बाई. तिने वर्गात जाऊन ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवशी मुलगी रिकामा डबा घेऊन घरी आली.

बाई कामावर परतल्या त्या दिवशी मंडळाचे सचिव त्यांची वाटच बघत होते. बस कंपनीच्या वकिलाचा आक्षेप आला होता. आदेशात असं कुठेही म्हटलेलं नाही, मग सारांशात हे आलं कुठून?

‘बाई, नव्याने करा,’ सचिव म्हणाले. ‘आजच्या आज. आपली अब्रू जायची वेळ आलीय.’

बाईंनी व्हिडिओ लावला. हात मांडीवर ठेवले.

कंडक्टर आला. म्हणाला, चालक ओरडला होता, ‘धरून बसा!’ आणि त्याने हँडब्रेक ओढला होता. सदस्याने विचारलं, त्याआधी तो नेहमीसारखा वाटत होता का? कंडक्टरने मान वर-खाली हलवली. एक प्रवासी बाई म्हणाली, आदल्या थांब्यावर तो डोळे चोळत होता. डॉक्टर म्हणाले, रक्तात दारू नव्हती. तज्ज्ञ म्हणाला, ब्रेकचे भाग तपासता आले नाहीत, कारण तपासणीच्या आधीच बस भंगारात गेली. कंपनीचा माणूस म्हणाला, ती नजरचूक होती. मग चालकाची बायको उभी राहिली. तिला विचारलं काही सांगायचंय का, आणि ती बोलूच शकली नाही. कामकाज काही काळ थांबलं. तेव्हा अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, निवृत्त न्यायाधीश, माईकवर वाकून अगदी हळू म्हणाले, ‘बाई, तुमच्या नवऱ्याने शेवटपर्यंत माणसं वाचवायचा प्रयत्न केला. त्याची चूक नाही. रडू नका.’

बाईंनी व्हिडिओ थांबवला. पदर नाही, रुमाल नाही, हाताच्या तळव्यानेच डोळे पुसले. पहिल्या वेळी नुसतं बघताना रडायला त्यांनी स्वतःला कधीच बंदी केली नव्हती, बंदी होती ती दुसऱ्या वेळी, लिहिताना.

आणि मग शेवट. तेच अध्यक्ष, चष्मा लावून, कागदावरून वाचत होते: ब्रेकचे भाग उपलब्ध नसल्याने अपघाताचे कारण निश्चित करता येत नाही. कोणावरही दोष निश्चित करता येत नाही. यापुढे तपासणी होईपर्यंत कोणतीही अपघातग्रस्त बस हलवू नये. चौकशी बंद करण्यात येत आहे. सही झालेल्या आदेशातही तेच होतं, स्वल्पविरामासकट.

कोणावरही दोष निश्चित करता येत नाही. म्हणजे कंपनीवर नाही, चालकावर नाही, आणि चालक दोषमुक्त आहे असंही नाही. बाईंना ते वाक्य पाठच झालं, कारण उजव्या रकान्यात त्याच्याशिवाय लिहायला फारसं काही नव्हतं.

अध्यक्षांचं वाक्य त्यांनी उचलून डावीकडे ठेवलं, अख्खं, एकही शब्द न गाळता, वेळेच्या आकड्यासकट. प्रत सचिवांकडे गेली आणि सचिवांनी पेन्सिलीने त्याच वाक्याभोवती गोल काढला.

‘हे काढून टाका.’

‘का?’

‘अहो, भावनेच्या भरात बोलले ते. धीर द्यायला. असलं सगळं लिहीत बसलो तर झालंच.’

‘धीर द्यायला बोलले की कशाला, ते मला कसं कळणार? बोलले एवढं खरं.’

‘बाई, यानेच तर घोळ झालाय!’

‘घोळ चुकीच्या रकान्यात ठेवल्याने झालाय,’ बाई म्हणाल्या. ‘जे ठरलं नाही ते ठरलं म्हणून लिहिलं, ही एक चूक झाली. आता जे बोलले ते बोललेच नाहीत असं करायचं? मग दुसरी चूक मी करीन, आणि ती मुद्दाम केलेली असेल. व्हिडिओत सगळ्यांना ऐकू येतंय साहेब. उद्या वकील विचारेल, सारांशात का नाही, तर काय सांगाल?’

शेवटी सचिवांनी खोडरबर काढलं. बातमीवाले शेजारच्या टेबलावरून हळूच म्हणाले, ‘बाई, मी चांगल्यासाठीच लिहिलं होतं हो.’ ‘माहीत आहे,’ बाई म्हणाल्या, ‘म्हणूनच तर त्या चालकाच्या बायकोला आता जास्त लागणार आहे.’ त्या बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला.

दुरुस्त सारांश चढला, वर ‘सुधारित’ असं लिहून. संबंधितांना कळवायचं पत्र गेलं. आणि पत्र मिळाल्याबरोबर चालकाची बायको आली. चौकशीच्या खिडकीपाशी उभी राहिली, एका हातात जुनी प्रत, दुसऱ्या हातात नवी. खिडकीवरच्या कारकुनाने बाईंना बोलावून घेतलं.

‘ताई, हे कुणी बदललं?’

‘मी.’

ती बघतच राहिली. तिला वाटलं असावं, कुणी मोठा साहेब असेल, कंपनीचा माणूस असेल. समोर चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेली, पिकल्या केसांची बाई उभी होती.

‘साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. मी समोर उभी होते. मी काय बहिरी आहे?’

‘नाही. ते म्हणाले. इथे लिहिलंय बघा, जसंच्या तसं.’ बाईंनी डाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

‘पण हे आधी इथं होतं.’ तिने उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘शाळेत वाचून दाखवलंय ते. आता मी परत जाऊन काय सांगू? आमचं चुकून झालं, असं सांगू? लोक मला तोंड वर काढू देतील का?’

‘ते आदेशात नाही,’ एवढंच बाई म्हणाल्या. ‘आदेशात जे असतं तेच ठरलेलं असतं.’

‘मग ते म्हणाले ते काय नुसतं बोलणंच?’

बाईंनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून माहितीपत्रक काढलं. ते येणाऱ्या प्रत्येकाला द्यायचं असतं, कंपनीच्या वकिलालाही दिलेलं असतं. आदेशात उघड चूक राहिली आहे असं वाटलं तर फेरविचारासाठी अर्ज करता येतो, असं त्यात दुसऱ्या पानावर छापलेलं होतं. बाईंनी ते पान उघडूनसुद्धा दाखवलं नाही. नुसतं हातात दिलं. तसं करणं बरोबर होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी जाईपर्यंत त्यांना ते खुपत राहिलं.

चालकाची बायको वाचणारी होती. तिने अर्ज केला. वकील नाही केला, स्वतःच लिहिला. ‘माननीय अध्यक्ष साहेबांनी सुनावणीत अमुक वेळी असे म्हटले आहे, ते आदेशात राहून गेले आहे, तरी ते घालावे,’ एवढाच मजकूर. वेळेचा आकडा बाईंच्याच सारांशातला होता. अर्ज मंडळापुढे लागला आणि बाईंचा जीव टांगणीला लागला. तसं कुणाला दिसू न देणं हाच त्यांचा धंदा, म्हणून कुणाला दिसलं नाही.

सुनावणीच्या वेळी त्या सभागृहात गेल्या नाहीत. कधीच जात नसत. समोर बसून पाहिलं की माणूस कुणाची तरी बाजू घेतो, असं त्यांचं मत. व्हिडिओ वर आला तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवले.

अर्ध्या तासाचंच काम होतं. कंपनीचा वकील म्हणाला, ओघात काढलेले उद्गार म्हणजे निष्कर्ष नव्हे. एका सदस्याने मान्य केलं… नाही, एक सदस्य म्हणाले की तसा नियम आहे. अध्यक्षांनी चष्मा काढला. सभागृहात एवढी शांतता होती की त्यांनी चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज माईकमध्ये आला.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘आदेशात आहे तेच मंडळाचं म्हणणं. पुराव्यावरून आम्हाला कारण सांगता आलं नाही. त्या दिवशी मी जे बोललो, ते सांत्वन होतं. ते तसं बोलायला नको होतं मी. तुमची आशा वाढली.’

चालकाची बायको उभीच होती. या वेळी ती रडली नाही.

‘साहेब, एकच विचारते,’ ती म्हणाली. ‘माझी पोरगी विचारते म्हणून विचारते. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, त्याची चूक नाही. ते खोटं बोलला होतात का?’

वकील उठला, म्हणाला, हा प्रश्न विचारता येणार नाही. अध्यक्षांनी हाताने त्याला बसायला सांगितलं. कॅमेरा आता पुन्हा चालकाच्या बायकोवर होता. अध्यक्ष दिसत नव्हते. कुणी काहीच बोललं नाही. मग आवाज आला, ‘अर्ज फेटाळण्यात येत आहे,’ आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

बाईंनी तो भाग पुन्हा लावला. चालकाच्या बायकोचा चेहरा त्यांनी पाहिला. प्रश्न विचारल्यावर ती समोर बघत होती, आणि मग तिचे डोळे मिटले, जसं कुणीतरी काही सांगितल्यावर मिटतात तसे. पण आवाज तर काहीच नव्हता. बाई खाली चित्रीकरण करणाऱ्याकडे गेल्या.

‘मागच्या कोपऱ्यातला मोठा कॅमेरा चालू होता का?’

‘तो चालूच असतो. पण त्यातलं कोण बघतं?’

‘मी बघते. लावा.’

त्या कॅमेऱ्यात सगळं सभागृह लहान लहान दिसत होतं. बाई पडद्याला नाक लावून बसल्या. चालकाची बायको पाठमोरी. समोर अध्यक्ष, चष्म्याशिवाय. प्रश्न आला. वकील उठला, बसला. आणि मग अध्यक्षांनी तिच्याकडे बघत मान हलवली, डावीकडून उजवीकडे आणि परत, अगदी सावकाश. नंतर खाली बघून त्यांनी कागद ओढला.

बाई वर आल्या आणि त्यांनी डाव्या रकान्यात लिहिलं: ‘अर्जदारांनी विचारले की त्या दिवशीचे विधान खोटे होते का. अध्यक्षांनी मान डावीकडे-उजवीकडे हलवली. शब्दांत उत्तर दिले नाही.’ उजव्या रकान्यात लिहिलं: ‘अर्ज फेटाळला.’

सचिवांनी पुन्हा पेन्सिल उचलली. ‘बाई, अध्यक्षांची मान? हे जरा अतीच होतंय.’

‘माझ्या मागच्या सारांशात कंडक्टरची मान आहे,’ बाई म्हणाल्या. ‘तेव्हा तुम्ही काही म्हणाला नाहीत.’

‘कंडक्टर साक्षीदार होता.’

‘हो. आणि साहेबांना प्रश्न विचारला गेला, तो त्यांनी विचारू दिला. मी “नकार दिला” असं लिहिलेलं नाही. मान कशी हलली तेवढंच लिहिलंय.’

सचिव प्रत घेऊन स्वतः अध्यक्षांकडे गेले. परत आले तेव्हा प्रतीवर अध्यक्षांची सही होती, एकही खाडाखोड नव्हती.

सारांश चढल्यावर चालकाची बायको एकदाच आली. खिडकीपाशी मुलगीही होती, दप्तर पाठीला, शाळेच्या वेळेत. कारकुनाने बाईंना हाक मारली. मागे सचिवांचं दार उघडं होतं आणि रांगेत बस कंपनीचा वकील कसलीशी प्रत घ्यायला उभा होता.

‘आम्ही चाललो ताई,’ चालकाची बायको म्हणाली. ‘माझ्या भावाच्या गावी. संध्याकाळची गाडी आहे. तिथं शाळेत हिचं नाव घातलंय.’

‘बरं केलंत,’ बाई म्हणाल्या.

‘तिथं कुणी विचारणार नाही, बाप कोण होता म्हणून. म्हणजे त्याचं नाव निर्मळ करायला निघाले होते, आणि आता नावच घ्यायचं नाही, असं झालं बघा.’

मग तिने सारांशाची प्रत उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मुलीने टाचा उंच करून खिडकीतून आत बघितलं.

‘हे तुम्हीच लिहिलंत ना? मान डावीकडे-उजवीकडे?’

‘हो.’

‘म्हणजे नाहीच ना ताई? खोटं बोलले नव्हते, असंच ना?’

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. वकिलाने रांगेत मान वळवली होती. दारातून सचिवांची खुर्ची करकरली. इतक्या वर्षांची सवय, ती काही एका खिडकीपाशी सुटत नाही.

‘मी अर्थ लावत नाही, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘मला तो अधिकार नाही. झालं तेवढं लिहिलंय.’

चालकाच्या बायकोने मान डोलावली, रागाने नव्हे, दमून. प्रत घडी करून पिशवीत टाकली. मुलगी अजून बाईंकडेच बघत होती, वर्गात उत्तराची वाट बघतात तशी. आईने तिचा हात धरला आणि दोघी जिन्याकडे वळल्या.

बाई दिवसभर काम करत राहिल्या. लिफ्टच्या एका प्रकरणात चार साक्षीदार होते, चौघांनी चार गोष्टी सांगितल्या, बाईंनी चारही लिहिल्या. सुटल्यावर वाटेत त्यांनी भाजी घेतली. घरी आल्यावर शेजारणीला निरोप दिला, हातपाय धुतले आणि पलंगापाशी स्टूल ओढून बसल्या.

‘अहो, पाठ दुखतेय का?’

यजमानांनी मान डावीकडे-उजवीकडे हलवली. बाईंनी ‘बरं’ म्हटलं आणि उशी होती तशीच राहू दिली. ‘भूक लागलीय?’ मान वर-खाली. बाई उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

या घरात किती वर्षं त्या मानेवरच सगळं चाललं होतं. औषध कधी, पाणी किती, कोण आलेलं आवडलं, कोण नाही. त्यांनी कधी म्हटलं नव्हतं की मला अर्थ लावता येत नाही. ‘शब्दांत उत्तर दिले नाही’ असं कधी त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि त्या पोरीने खिडकीतून एवढी मान उंच करून बघितलं, तर तिला त्यांनी नियम ऐकवला होता. खिडकीपाशी ऐकणारे होते हे खरं, पण जिन्यात जाऊन चार पायऱ्या खाली उतरून कानात सांगायला कुणी अडवलं होतं का? नव्हतं कुणी.

त्या परत येऊन स्टुलावर बसल्या. यजमानांनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं. पूर्वी तोंडाने विचारायचे तेच विचारत होते. आज काय ठरलं?

‘काही नाही ठरलं,’ बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. रडतारडता त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही रकाना न पाडता. बस, कंडक्टर, अध्यक्ष, ती मान, ती पोरगी. यजमान त्यांचा हात आपल्या डाव्या हातात धरून ऐकत होते.

‘मी नुसतं “हो” म्हणायला हवं होतं का हो?’ बाईंनी विचारलं. ‘तिला सांगायला हवं होतं का?’

त्यांनी खूप वेळ बाईंकडे बघितलं. मग मान हलवली, वर-खाली.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळची गाडी केव्हाच सुटली होती.